क्लेमनंतर गाडीच्या विम्याचा प्रीमियम वाढला? कंपनीला काय विचारायचं आणि काय कमी करून घ्यायचं

क्लेमनंतरच्या वर्षी गाडीच्या विम्याचा प्रीमियम भरमसाट वाढला आणि फोन करून कारण विचारलं, की ठरलेलं उत्तर मिळतं: "सर, क्लेम घेतलाय ना, एनसीबी गेला." ऐकणारा गप्प बसतो, कारण हे खोटं नसतं. पण बऱ्याचदा ते अर्धवट असतं. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी नो क्लेम बोनस ही सवलत, जाण्यामुळे वाढलेले पैसे आणि नोटिशीवर प्रत्यक्ष वाढलेले पैसे यांत मोठं अंतर असू शकतं. बोलणी होतात ती या अंतरावर. एनसीबीवर वाद घालून हाती काही लागत नाही.

हा लेख ज्यांनी पहिल्यांदाच क्लेम केला आहे आणि आता पहिल्यांदाच अशी नोटीस हातात घेऊन बसले आहेत, त्यांच्यासाठी आहे. उदाहरण खासगी कारचं आहे. आरोग्य विम्याचे नियम वेगळे आहेत, त्यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी दोन कागद शेजारी ठेवा

गेल्या वर्षीची पॉलिसी आणि यंदाची रिन्यूअल नोटीस. नोटिशीचं फक्त पहिलं पान आलं असेल, तर कंपनीच्या ऍपवरून किंवा एजंटकडून पूर्ण प्रीमियमचा तपशील मागवा. एकूण रकमेकडे तूर्त बघू नका. प्रीमियम तीन-चार वेगवेगळ्या तुकड्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा आहे.

पहिला तुकडा थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा हा विमा, आणि त्याचा दर सरकार ठरवतं. जून 2022 मध्ये लागू झालेल्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला वर्षाला 3,416 रुपये आहेत. तुमचा क्लेम असो वा नसो, कंपनी कुठलीही असो, ही रक्कम बदलत नाही. यावर घासाघीस करणं म्हणजे टोल नाक्यावर भाव करण्यासारखं आहे.

दुसरा तुकडा ओन डॅमेजचा, बोलीभाषेत 'ओडी'. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा हा भाग, आणि सगळा खेळ इथे आहे. पूर्वी याचेही दर देशभर ठरलेले होते. 2007 पासून कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक मिळाली, तरी बऱ्याच कंपन्या आजही जुन्या दरपत्रकालाच पाया धरतात आणि त्यावर आपली सूट देतात. त्या दरपत्रकात मुंबई 'अ' विभागात येते. पाच वर्षांपर्यंतच्या 1000 ते 1500 सीसीच्या कारला तिथे आयडीव्हीच्या 3.283 टक्के दर आहे. आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची आजची किंमत. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त एवढे पैसे मिळतात.

या ओडीच्या रकमेतून आधी कंपनीची सूट वजा होते आणि मग एनसीबी. नोटिशीवर गोंधळ होतो तो इथेच, कारण कित्येक कंपन्या सूट वेगळी दाखवतच नाहीत. 'बेसिक ओडी' म्हणून सूट वजा केलेलाच आकडा छापतात. मग सूट गुपचूप कमी झाली तरी कागदावर कळायला मार्ग नाही. तो मार्ग आपण करून घ्यायचा: आयडीव्हीला 3.283 टक्क्यांनी गुणा, जो आकडा येईल तो छापलेल्या ओडीशी ताडून बघा. दोन्ही वर्षांसाठी हे केलं की सूट किती होती आणि किती झाली हे कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत दिसतं. 1000 सीसीपर्यंतच्या कारला हा दर 3.127 आणि 1500 च्या वरच्या कारला 3.440 टक्के आहे. गाडीला पाच वर्षं पूर्ण झाली की दर थोडा चढतो, तेव्हा नेमकी त्याच वर्षी वाढ झाली असेल तर तिच्यातला काही भाग वयाचाही असेल. काही कंपन्या पाया वेगळा धरतात. अशा वेळी हा हिशेब फक्त अंदाजाला घ्या आणि खरा आकडा त्यांनाच विचारा.

तिसरा तुकडा ऍड-ऑनचा, म्हणजे जादा पैसे भरून घेतलेल्या संरक्षणाचा: सुट्या भागांचा घसारा न कापणारा झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, रोडसाइड असिस्टन्स वगैरे. हे दर पूर्णपणे कंपनीचे. शेवटी गाडीमालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आणि सगळ्या बेरजेवर 18 टक्के जीएसटी.

एका गाडीचा हिशेब

माझा भाचा विक्रोळीला राहतो. 1197 सीसीची पेट्रोल कार, तीन वर्षं एकही क्लेम नाही. जुलैत हिंदमाताजवळ पाण्यात गाडी बंद पडली. त्याने पुन्हा स्टार्ट मारला नाही, ढकलून बाजूला घेतली आणि टो करून गॅरेजला पाठवली. त्यामुळे इंजिन वाचलं. वायरिंग, सेन्सर आणि आतलं कार्पेट धरून बिल साठ हजारांच्या घरात गेलं आणि क्लेम विनातक्रार मंजूर झाला. रिन्यूअलला मात्र गेल्या वर्षीचे 12,323 रुपये यंदा 21,592 झाले. म्हणजे 9,269 रुपयांची वाढ.

आम्ही दोन्ही कागद उकलले. गेल्या वर्षी आयडीव्ही होती 4,80,000. दराने ओडी येतो 15,758 रुपये. छापलेला आकडा होता 6,303, म्हणजे कंपनीने 60 टक्के सूट दिली होती. त्यावर तीन वर्षांचा 35 टक्के एनसीबी जाऊन 4,097 उरले. झीरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट मिळून 2,600. थर्ड पार्टीचे 3,416, अपघात विम्याचे 330, आणि वर जीएसटी.

यंदा गाडी एक वर्ष जुनी झाल्याने आयडीव्ही 4,20,000 वर आली. दराने ओडी 13,789. छापलेला आकडा 9,652. म्हणजे सूट 60 वरून 30 टक्क्यांवर आणली होती. एनसीबी शून्य. तेच दोन ऍड-ऑन आता 4,900 रुपयांना. थर्ड पार्टी आणि अपघात विमा जागच्या जागी.

आता प्रश्न असा की 9,269 पैकी एनसीबीमुळे वाढले किती? सूट 60 टक्केच ठेवली असती तर यंदाचा ओडी 5,516 झाला असता. गेल्या वर्षीच्या 4,097 पेक्षा 1,419 जास्त, जीएसटी धरून 1,674. बस्स. बाकीचे साडेसात हजार दोन जागांवरून आले: सूट कमी केल्यामुळे 4,136, ऍड-ऑनचे दर वाढवल्यामुळे 2,300, आणि त्या दोन्हींवरचा जीएसटी.

क्लेम झाला नसता तर चौथ्या वर्षाचा 45 टक्के एनसीबी मिळाला असता, हे खरंच. तो तोटा झालाच, आणि त्याला इलाज नाही. एनसीबीची शिडी ठरलेली आहे: बिनक्लेमच्या पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि 50. एक क्लेम झाला की खाली शून्यावर, मग रक्कम साठ हजार असो वा सहा हजार. गेल्या पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट हा ऍड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून तो होता का ते आधी बघा. लोक पैसे भरून विसरतात.

पण सूट किती द्यायची आणि ऍड-ऑनचा दर काय लावायचा, हा कंपनीचा व्यवहारी निर्णय आहे. क्लेम झालेली गाडी त्यांना जास्त जोखमीची वाटते, आणि पाण्यात गेलेली असेल तर इंजिन प्रोटेक्ट महाग करायला त्यांच्याकडे कारणही असतं. ते बेकायदा नाही. मात्र तो निर्णय फिरवता येतो, कारण कंपनीला ठरलेल्या मर्यादेत सूट कमी-जास्त करण्याचा अधिकार असतो.

फोन: कारण नको, आकडे मागा

"एवढा का वाढला?" असं विचारलंत की "क्लेममुळे" हे उत्तर तयार असतं आणि संभाषण तिथेच संपतं. आवाज चढवून तर काहीच होत नाही. समोरच्या मुलीच्या हातात सूट देण्याचा अधिकार नसतो, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर फक्त छापील आकडे असतात. तिच्याकडून माहिती घ्यायची आणि तक्रार क्रमांक घ्यायचा, एवढंच काम. भाच्याचा फोन साधारण असा झाला:

"मॅडम, नोटीस बघितली. एनसीबी गेला हे मला मान्य आहे. मला फक्त दोन गोष्टी सांगा. गेल्या वर्षी माझ्या ओडीवर किती टक्के सूट होती आणि यंदा किती आहे?"

"सर, क्लेम असल्यामुळे सिस्टीमने प्रीमियम तसा काढलाय."

"हो, ते कळलं. एनसीबीचा परिणाम मी वेगळा काढलाय, तो जीएसटी धरून पावणेदोन हजारांच्या आत आहे. उरलेला ओडी डिस्काउंटमुळे आहे असं दिसतंय. तेवढं बघून सांगता का?"

थोडा वेळ होल्ड. मग: "सर, डिस्काउंट यंदा थर्टी आहे."

"धन्यवाद. हे रिव्ह्यूला पाठवायचं असेल तर कोणाकडे? अंडररायटिंगला की ब्रँचला? आणि या कॉलचा रिक्वेस्ट नंबर द्या."

सुरुवातीलाच "एनसीबी गेला हे मान्य आहे" म्हणण्याने बराच फरक पडतो. समोरच्याचं पाठ केलेलं उत्तर त्यामुळे निकामी होतं आणि आपण भांडायला आलेलो नाही हेही कळतं.

एजंटमार्फत पॉलिसी घेतली असेल तर त्याला टाळू नका, पण त्याच्यावर सोडूनही देऊ नका. चांगला एजंट शाखेतून जादा सुटीचं 'अप्रूव्हल' काढून आणतो. ते त्याचं रोजचं काम आहे आणि शाखेत त्याच्या शब्दाला वजन असतं. त्याला तुमचा हिशेब कागदावर द्या आणि "किती टक्क्यांचं अप्रूव्हल मिळू शकतं?" एवढं विचारा. "बघा ना काही होतंय का" असं म्हटलंत तर तो बघतो, आणि काही होत नाही.

मग मेल

फोनवरचं बोलणं मेलवर आणल्याशिवाय रिव्ह्यू होत नाही, कारण अंडररायटरपर्यंत, म्हणजे जोखीम बघून प्रीमियम ठरवणाऱ्यापर्यंत, फक्त लेखी मजकूर पोचतो. मेल छोटी ठेवा. मराठीत लिहिली तरी हरकत नाही:

*विषय: पॉलिसी क्रमांक … च्या रिन्यूअल प्रीमियमचा फेरविचार*

*महोदय,*
*माझ्या कारच्या पॉलिसीवर यंदा एक क्लेम झाला आहे. त्यामुळे एनसीबी शून्य झाल्याबद्दल माझी हरकत नाही. मात्र ओडीवरील सूट 60 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर आली आहे आणि ऍड-ऑनची रक्कम 2,600 वरून 4,900 झाली आहे. त्याआधी तीन वर्षं एकही क्लेम नाही. झालेला क्लेम साचलेल्या पाण्याचा होता, टक्कर किंवा चालवण्यातील चुकीचा नव्हता.*
*कृपया (1) सूट कमी करण्याचं कारण, (2) आयडीव्ही 4,20,000 कायम ठेवून जास्तीत जास्त किती सूट देता येईल, आणि (3) प्रत्येक ऍड-ऑनचा स्वतंत्र दर लेखी कळवावा. पॉलिसी … तारखेला संपते.*

दुसऱ्या मुद्द्यातले "आयडीव्ही कायम ठेवून" हे शब्द गाळू नका. प्रीमियम कमी करून दाखवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे आयडीव्ही खाली ओढणं. सुधारित कोटेशन आलं, दोन हजारांनी कमी दिसलं, आपण खूश. नंतर लक्षात येतं की गाडीची किंमत साठ-सत्तर हजारांनी उतरवली आहे. वरच्या उदाहरणात आयडीव्ही 10,000 ने कमी केली तर 30 टक्के सुटीनंतर प्रीमियममध्ये फक्त 230 रुपये वाचतात, आणि गाडी चोरीला गेली तर हातात 10,000 कमी येतात. मला हा सौदा कधीच पटलेला नाही.

काय सोडायचं, काय धरून ठेवायचं

सुटीखालोखाल बोलण्यासारखी गोष्ट म्हणजे ऍड-ऑन. प्रत्येकाचा दर वेगळा कळला की ठरवणं सोपं जातं. झीरो डेपचा दर थोडा खाली आणायला कंपन्या तयार होतात. इंजिन प्रोटेक्टवर त्या अडतात, निदान पाण्याच्या क्लेमनंतर तरी. मुंबईत सखल भागातून रोजचं येणं-जाणं असेल किंवा गाडी रस्त्यालगत उभी राहत असेल, तर दर जास्त वाटला तरी तो काढू नका. पाणी आत गेलेलं इंजिन सुरू केल्यामुळे जे नुकसान होतं, ते साध्या पॉलिसीत बसत नाही. उलट पोडियमच्या वरच्या मजल्यावर पार्किंग आहे आणि पावसात गाडी फारशी बाहेर निघत नाही, असं असेल तर तो काढण्याचा विचार करता येईल. रोडसाइड असिस्टन्स बऱ्याचदा गाडीच्या कंपनीकडूनही मिळालेला असतो. दोनदा पैसे भरतोय का ते बघा.

अपघात विम्याचे 330 रुपये लहान वाटतात, पण तुमच्याकडे आधीच किमान 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर ते भरायची गरज नाही. तसं लेखी सांगावं लागतं. कुठे काही नसेल तर हा भाग सक्तीचा आहे आणि असावाच.

मग येतो व्हॉलंटरी डिडक्टिबल: प्रत्येक क्लेममध्ये पहिले अमुक रुपये मी भरेन, असं आपण मान्य करायचं आणि बदल्यात सूट घ्यायची. 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1,000 रुपये सक्तीने भरावेच लागतात, हे त्यांच्या वर. जुन्या दरपत्रकाप्रमाणे 2,500 रुपये पत्करले तर ओडीवर 20 टक्के सूट मिळते, पण जास्तीत जास्त 750 रुपयेच. 15,000 पत्करले तर 35 टक्के, कमाल 2,500 रुपये. टक्के ऐकून हुरळून जाऊ नका, कमाल मर्यादा विचारा. 750 आणि त्यावरचा जीएसटी धरून वर्षाला 885 वाचतात. तीन वर्षांत एकही क्लेम झाला नाही तर 2,500 चा पर्याय फायद्याचा, त्याआधी झाला तर तोट्याचा. मुंबईच्या रहदारीत रोज गाडी काढणाऱ्याने याच्या मागे लागू नये असं माझं मत आहे. रविवारीच गाडी बाहेर काढणाऱ्याला ते चालेल.

दुसऱ्या कंपनीचं कोटेशन

हे हातात असल्याशिवाय मेलला जोर येत नाही. तीच आयडीव्ही, तेच ऍड-ऑन ठेवून दोन-तीन ठिकाणचे दर काढा. काढताना एक प्रश्न येईल: "गेल्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का?" इथे 'हो' लिहायचं.

हे वेगळं सांगायचं कारण असं की 'नाही' लिहिलं की पडद्यावर एकदम 45 टक्के एनसीबी लागतो आणि भाव इतका छान दिसतो की मोह होतो. काही एजंटही परस्पर तसंच भरून टाकतात: "साहेब, कोण बघतंय?" नवी कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करते, आणि विम्याच्या क्लेमची माहिती कंपन्यांमध्ये एकत्र ठेवलेली असते. पॉलिसी निघताना कोणी काही बोलणार नाही. पुढचा क्लेम आला की फाइल उघडते, खोटा एनसीबी सापडतो आणि पैसे कापले जातात किंवा क्लेमच नाकारला जातो. एजंटने भरून दिलेल्या पॉलिसीत एनसीबीच्या रकान्यात काय छापलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शून्य हवं तिथे 45 दिसलं तर त्याच दिवशी लिहून दुरुस्ती मागा आणि फरकाचे पैसे भरा.

भाच्याला खरी माहिती देऊन एका ठिकाणी 17,600 चं कोटेशन मिळालं. ते त्याने जुन्या कंपनीला मेलला जोडून पाठवलं आणि एवढंच लिहिलं की शक्यतो इथेच राहायला आवडेल, कारण घराजवळच्या गॅरेजात कॅशलेस चालतं. चार दिवसांनी शाखेतून फोन आला. सूट 45 टक्के, ओडी 7,584. झीरो डेप 2,800 वर आणला. इंजिन प्रोटेक्टचे 1,500 जसेच्या तसे, ते त्यांनी हलवले नाहीत. नोकरीतून अपघात विमा होता म्हणून 330 गळले. थर्ड पार्टी आणि जीएसटीसह एकूण 18,054. म्हणजे 3,538 रुपये वाचले. गेल्या वर्षीच्या 12,323 वर काही गोष्ट गेली नाही, आणि जाणारही नव्हती. साडेचारशे रुपयांसाठी कंपनी बदलायची नाही असं त्याने ठरवलं. दुसऱ्या कोणी बदललीही असती, त्यात काही चूक नाही. पुढे एनसीबी पुन्हा जमला की तो मालकाच्या नावावर असतो, कंपनी बदलली तरी सोबत येतो.

एनसीबीच चुकून गेला असेल तर

ही गोष्ट वेगळी. इथे आपण सवलत मागत नसून हक्काचं मागत असतो, त्यामुळे सूरही वेगळा असू द्या. अशा चुका घडतात त्या साधारण दोन प्रकारांनी. गॅरेजने क्लेम नोंदवला, सर्व्हेअरही येऊन गेला, पण बिल किरकोळ आहे म्हणून आपण खिशातून भरलं आणि क्लेम सोडून दिला. सिस्टीममध्ये मात्र तो उघडाच राहतो आणि रिन्यूअलला एनसीबी शून्य दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे क्लेम दुसऱ्याच्या गाडीचा आणि नोंद आपल्या पॉलिसीवर.

दोन्हींत एकच करायचं: क्लेमचा क्रमांक मागायचा आणि त्यावर किती रक्कम दिली गेली हे लेखी विचारायचं. रक्कम शून्य असेल तर क्लेम मागे घेतल्याचं पत्र देऊन तो बंद करून घ्या आणि एनसीबी परत लावायला सांगा. म्हणूनच गॅरेजमध्ये "क्लेम नको" असं तोंडी सांगून निघू नये. मागे घेतल्याची मेल त्याच आठवड्यात कंपनीला जायला हवी.

तारखेकडे लक्ष

हे सगळं पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी सुरू करा. बोलणी चालू आहेत म्हणून पॉलिसी संपू देऊ नका. एक दिवस जरी खंड पडला तरी गाडीची पाहणी करूनच ओडीचा विमा पुन्हा मिळतो, आणि मधल्या काळात काही झालं तर तुमचं तुम्ही. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे. ज्यांचा एनसीबी अजून शिल्लक आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावं की पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की तो जातो.

शेवटचे दोन दिवस उरले आणि उत्तर आलं नाही, तर भरून टाका. एनसीबीची चूक नंतर सिद्ध झाली तर फरक परत मागता येतो. सुटीचं मात्र तसं नाही. पैसे भरल्यावर जादा सूट मागायला गेलात तर कोणी दारात उभं करणार नाही.

आरोग्य विम्यात हेच उत्तर मिळालं तर

तिथे "तुम्ही क्लेम केला म्हणून तुमचा प्रीमियम वाढवला" हे कारण चालत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यात एखाद्याच्या क्लेमवरून रिन्यूअलला त्याच्यापुरता प्रीमियम चढवायला विमा नियामक आयआरडीएआयची परवानगी नाही. वाढ झाली असेल तर बहुधा वयोगट बदलला असेल किंवा त्या योजनेचे दर सगळ्यांसाठीच वाढले असतील. यांपैकी नेमकं काय झालं ते लेखी मागा. आधी जमलेला बोनस, म्हणजे बिनक्लेमच्या वर्षांत वाढत गेलेली विमा रक्कम, क्लेम झाल्यावर कमी होऊ शकते. ती वेगळी बाब. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीला हा नियम लागू नाही, तिथे सगळ्या गटाच्या क्लेमवरून दर ठरतो.

तक्रार कधी आणि कुठे

सूट कमी दिली एवढ्याच कारणावर तक्रार करून हाती फारसं लागत नाही, त्यावर उपाय कंपनी बदलणं हाच. पण एनसीबी चुकीचा काढला, लेखी कारण द्यायला नकार दिला, न मागितलेले ऍड-ऑन चिकटवले, किंवा आरोग्य विम्यात क्लेमवरून प्रीमियम चढवला, तर तक्रारीला दम आहे.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो. दोन आठवड्यांत समाधान झालं नाही तर आयआरडीएआयच्या `bimabharosa.irdai.gov.in` या पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावर नोंद करा. तरीही अडलं, किंवा कंपनीने महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईचं लोकपाल कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर, जीवन सेवा ऍनेक्समध्ये आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. ठाणे, नवी मुंबई किंवा मुंबईच्या काही पूर्व उपनगरांत राहत असाल तर तुमचं कार्यालय वेगळं असतं, म्हणून जायच्या आधी `cioins.co.in` वर आपल्या पत्त्याचं क्षेत्र बघून घ्या. कंपनीच्या अखेरच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. सोबत दोन्ही वर्षांचे कागद, पाठवलेली मेल, आलेलं उत्तर आणि फोनवर घेतलेला रिक्वेस्ट नंबर जोडा.